१२० मिमीच्या स्टेनलेस राउंडचा गाभा दहा मिनिटांनी किती गरम असतो?

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या मशीनशॉपमध्ये आहे. ३०४ स्टेनलेसचा १२० मिमी व्यासाचा, ६०० मिमी लांब राउंड ४०० अंशांवर स्ट्रेस रिलीव्ह करून ४० अंशांच्या ढवळत्या तेलात टाकायचा विचार आहे. पृष्ठभागाकडून तेलात उष्णता जाण्याचा गुणांक h ३०० धरला. १० मिनिटांनी मधलं तापमान अख्खा बार एकाच तापमानाचा मानणाऱ्या लम्प्ड पद्धतीने १२६ आलं, मालिकेचं पहिलंच पद घेणाऱ्या वन-टर्मच्या टेबलवरून २५३. कोणतं खरं? आणि फिनिश टर्निंगला किती वेळाने घेऊ?

उत्तर:

दोन्ही नाही. तुमच्याच आकड्यांवरून गाभ्याचं तापमान १८० अंश येतं आणि त्याच क्षणी पृष्ठभाग १३० अंशांवर असतो. १२६ का चुकलं ते पुढे येईलच. आधी २५३ कुठून आलं ते बघू, कारण ही चूक मी शिकाऊ मुलांच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

तुम्ही बायो नंबर, म्हणजे h गुणिले लांबी भागिले धातूची उष्णतावाहकता k, ०.५ घेतला असणार. लम्प्ड पद्धत शिकताना आपल्याला सांगतात की लांबीच्या जागी आकारमान भागिले पृष्ठफळ घ्या. लांब दंडगोलासाठी ते त्रिज्येच्या निम्मं येतं, म्हणजे इथे ३० मिमी. ती लांबी लम्प्ड चालेल की नाही हे तपासण्यापुरती आहे. वन-टर्मचं टेबल मात्र ज्या समीकरणातून तयार झालं, त्यात त्रिज्या शून्यापासून पूर्ण r0 पर्यंत जाते, म्हणून टेबलातला बायो पूर्ण त्रिज्येचा असतो. तिथे निम्मी त्रिज्या घातली की h निम्मा धरल्यासारखंच होतं. जॉब कागदावर खऱ्यापेक्षा हळू थंड होतो आणि उत्तर ७३ अंशांनी वर जातं. काही जण फुरिए नंबरात, म्हणजे डिफ्युजिव्हिटी गुणिले वेळ भागिले त्रिज्येचा वर्ग या आकड्यातही, निम्मी त्रिज्या घालतात. तिथे तिचा वर्ग असल्यामुळे फुरिए चौपट होतो आणि गाभा १० मिनिटांत ७२ अंशांवर आलेला दिसतो. तुमचं २५३ बघून कळतं की फुरिए तुम्ही बरोबर काढला होता, घोटाळा फक्त बायोत झाला.

आता हिशेब पहिल्यापासून करू. ३०४ चे गुणधर्म खोलीच्या तापमानाचे घेऊ नका. ४०० ते ४० या प्रवासाच्या मधोमध, सुमारे २२० अंशांवर, k साधारण १८ येतो. घनता ७९०० आणि विशिष्ट उष्मा ५३० धरला की डिफ्युजिव्हिटी ४.३ गुणिले दहाचा उणे सहावा घात मिळते.

```
Bi = h*r0/k = 300*0.06/18 = 1.0
Fo = a*t/r0^2 = 4.3e-6*600/0.0036 = 0.717

z1*J1(z1)/J0(z1) = Bi   ->  z1 = 1.2558
C1 = 1.2071

theta0 = C1*exp(-z1^2*Fo)
       = 1.2071*exp(-1.577*0.717) = 0.390

T0 = 40 + 0.390*(400-40) = 180 C
```

theta0 म्हणजे सुरुवातीच्या ३६० अंशांच्या फरकापैकी गाभ्यात अजून किती हिस्सा शिल्लक आहे. ३९ टक्के शिल्लक, म्हणजे तेलापेक्षा १४० अंश वर. पृष्ठभागासाठी हाच आकडा J0(z1) ने, म्हणजे ०.६४३ ने गुणायचा. ९० अंश येतात, त्यात तेलाचे ४० मिळवले की १३०.

टेबलात तुमचा नेमका बायो नसेल तर अंदाजपंचे मधला आकडा घेऊ नका, z1 एक्सेलमध्ये काढा. A1 मध्ये १ लिहा, दुसऱ्या सेलमध्ये पहिलं सूत्र आणि तिसऱ्यात C1 चं सूत्र टाका. मग Goal Seek ला सांगा की दुसऱ्या सेलची किंमत तुमच्या बायोइतकी हवी आणि त्यासाठी A1 बदलायचा आहे.

```
=A1*BESSELJ(A1,1)/BESSELJ(A1,0)
=2/A1*BESSELJ(A1,1)/(BESSELJ(A1,0)^2+BESSELJ(A1,1)^2)
```

एक जपा. उत्तर ० आणि २.४०४८ यांच्या मधलंच हवं. सुरुवातीला A1 मध्ये ४ वगैरे लिहिलं तर एक्सेल दुसऱ्या मुळावर जाऊन बसतं (बायो १ साठी ते ४.०८ आहे) आणि कसलीही तक्रार न करता चुकीचा आकडा देतं.

आता तुमच्या १२६ कडे येतो. लम्प्ड पद्धत असं मानते की बार आतून-बाहेरून एकाच तापमानाचा आहे. तसं असतं तर पृष्ठभागही नेहमी सरासरीइतकाच गरम राहिला असता आणि त्याने तेलाला भरपूर उष्णता दिली असती. प्रत्यक्षात ३०४ उष्णता वाहून नेण्यात फार सुस्त आहे, साध्या कार्बन स्टीलच्या निम्म्याहून कमी. पृष्ठभाग आधी थंड होतो, तेलाशी त्याचा फरक कमी होतो आणि आतली उष्णता बाहेर यायला रांगेत थांबते. लम्प्डला ही रांग दिसत नाही. म्हणून तिचं १२६ हे खऱ्या पृष्ठभागाच्या १३० पेक्षाही खाली गेलं. अख्ख्या बारची सरासरी आपल्या पृष्ठभागापेक्षा थंड आहे, असं थंड होणाऱ्या जॉबमध्ये घडूच शकत नाही. दोन उत्तरांत अशी विसंगती दिसली की लम्प्ड बाजूला ठेवायची. तुमचा निम्म्या त्रिज्येचा बायो ०.५ आहे आणि लम्प्डसाठी तो ०.१ च्या आत हवा, हे त्याचं कागदावरचं कारण.

१८० वर विश्वास का ठेवायचा, तेही तपासून घेऊ. टेबल बघून काढलेल्या उत्तराची मी अशी पडताळणी नेहमी करतो. या सोडवणुकीत बारचं सरासरी तापमान, गाभ्याच्या शिलकीला २·J1(z1)/z1 ने गुणून, तेलापेक्षा ११४ अंश वर येतं. सगळ्या तापमानांचा घसरण्याचा दर z1 वर्ग गुणिले डिफ्युजिव्हिटी भागिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे सेकंदाला ०.००१८८. त्यामुळे सरासरी त्या क्षणी सेकंदाला ०.२१५ अंशांनी उतरत असणार. आता बाहेरून बघा. पृष्ठभाग तेलापेक्षा ९० अंश वर आहे, h ३०० आहे, तेव्हा जितकी उष्णता बाहेर जाते ती बारच्या वस्तुमानाला वाटून दिली की सेकंदाला किती अंश होतात?

```
2*h*(Ts-Tf)/(rho*cp*r0) = 2*300*90/(7900*530*0.06) = 0.215 C/s
```

आतून आणि बाहेरून काढलेला दर एकच आला. बायोत निम्मी त्रिज्या घातली असती तर हे दोन आकडे कधीच जुळले नसते. चूक पकडायला यापेक्षा सोपं हत्यार माझ्याकडे नाही.

आता ही पद्धत कुठे तुटते ते. खरं उत्तर अनंत पदांची मालिका आहे आणि आपण फक्त पहिलं पद ठेवलं आहे. फुरिए ०.२ च्या पुढे ते चालतं. तुमच्या बारसाठी ०.२ गाठायला १६७ सेकंद लागतात, म्हणजे पावणेतीन मिनिटं. त्याच्या आधीचा काळ विचारलात तर सूत्र वेडंवाकडं बोलतं. १ मिनिट घालून बघा, गाभा ४२८ अंश येईल. ४०० वर भट्टीतून काढलेला बार तेलात बुडवल्यावर तापला, असं ते सांगतं! C1 एकापेक्षा मोठा असण्याचा हा परिणाम आहे. सुरुवातीची दुरुस्ती पुढची पदं करतात आणि ती आपण टाकून दिली आहेत. बरोबर ०.२ वर दुसरं पद गाभ्याच्या उत्तरातून सुमारे ४ अंश कमी करतं, पण तुमच्या १० मिनिटांवर त्याचा वाटा अंशाच्या हजाराव्या भागाएवढाही उरत नाही. म्हणून १८० हा आकडा गणिताच्या बाजूने पक्का आहे. हाइसलरने १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेले तक्तेही याच एका पदावर आधारलेले आहेत, त्यामुळे तक्ता वापरला म्हणून ही मर्यादा सुटत नाही. त्या तक्त्यांच्या रेषांवर बहुतेक ठिकाणी बायोचा व्यस्त छापलेला असतो, तेवढं बघून घ्या.

टोकांची काळजी तुम्हाला नको. १० मिनिटांत टोकाकडचा गारवा आत साधारण १०० मिमीपर्यंत जाणवतो आणि तुमचा मध्य टोकापासून ३०० मिमी दूर आहे. टोकाजवळ एखादा जर्नल असेल तर तो मात्र या हिशेबापेक्षा लवकर थंड होईल.

खरी शंका गणिताची नाही, h ची आहे. ३०० तुम्ही "धरला" असं लिहिलं आहे. तो २५० निघाला तर गाभा १८० ऐवजी २०० वर असेल. त्याउलट k आणि विशिष्ट उष्मा खोलीच्या तापमानाचे घेतले असते, तर उत्तर १७५ आलं असतं. म्हणजे गुणधर्मांच्या चुकीने ५ अंश आणि h च्या सहाव्या हिश्श्याने २० अंश. ढवळणं, तेलाचा पातळपणा, बार आडवा आहे की उभा, सगळं h मध्ये शिरतं. पहिल्या काही सेकंदांत ४०० च्या पृष्ठभागाला लागून तेल उकळतं, तेव्हा तर h काही वेगळाच असतो. म्हणून तुमच्या टाकीचा h तुम्हीच मोजा, आणि त्यासाठी हेच सूत्र उलटं वापरता येतं.

एका वाया गेलेल्या राउंडला टोकाकडून अक्षावर मध्यापर्यंत भोक पाडा, त्यात शीथ असलेलं थर्मोकपल घट्ट बसवा आणि तोंड असं बंद करा की तेल आत शिरणार नाही. तेल आत गेलं तर तुम्ही गाभ्याऐवजी तेल मोजाल. मग बुडवल्यापासून ५ आणि १० मिनिटांची वाचनं घ्या. ती २८७ आणि १८० आली तर h ३०० बरोबर आहे. समजा ३०० आणि २०० आली. तेलापेक्षा वरचा फरक २६० वरून १६० वर उतरला, तर:

```
ln(260/160)/300 = 0.00162 per s
z1^2 = 0.00162*0.0036/4.3e-6 = 1.356,  z1 = 1.164
Bi = 0.83  ->  h = 0.83*18/0.06 = 249
```

दोनऐवजी दर मिनिटाला वाचन घेऊन फरकाचा लॉग वेळेसमोर काढलात तर आणखी चांगलं. तीन मिनिटांनंतर बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. रेषा पुढे हळूहळू सपाट व्हायला लागली तर बहुधा टाकी तापते आहे. तुमच्या बारचं वजन ५४ किलोच्या आसपास आहे आणि तो दहा मिनिटांत तेलाला जवळपास ७ मेगाज्यूल देतो. ५०० लिटरची टाकी असेल तर तेल सुमारे ८ अंशांनी वर जातं. मे महिन्यात आपल्याकडे टाकीतलं तेल ४० च्या खाली तसंही येत नाही. एकामागोमाग तीन बार सोडले की तिसऱ्यासाठी ४० हा आकडा खोटा ठरतो.

आता फिनिश टर्निंग. गाभा ६० अंशांवर यायला किती वेळ, हे सूत्र उलटं सोडवून मिळतं. ३६० पैकी २० शिल्लक हवेत, उत्तर २७ मिनिटं. पण हा आकडा देऊन मी थांबणार नाही, कारण माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे की ४०० वरून थेट तेलात हा बार घालू नका. तुम्ही तो ताण काढण्यासाठी तापवला आहे. तेलात पहिल्या दोन-तीन मिनिटांत पृष्ठभाग आणि बारची सरासरी यांच्यात ५५ अंशांपेक्षा जास्त फरक पडतो. ३०४ इतका प्रसरण पावतो की एवढ्या फरकाने पृष्ठभागावर २५० मेगापास्कलच्या आसपास खेच येते. या स्टीलचा यील्ड साध्या तापमानालाही किमान २०५ च धरतात आणि गरम असताना तो आणखी कमी असतो. पृष्ठभाग कायमचा ताणला जातो आणि सगळा बार थंड झाल्यावर तीच कातडी दाबाखाली राहते. लेथवर ती कातडी निघाली की शाफ्ट वाकतो. भट्टीत काढलेला ताण टाकीत परत घातल्यासारखं होतं.

नुसत्या हवेत ठेवलात तर ताणाचा प्रश्न मिटतो, पण वेळ जातो. पंखा लावून, किरणोत्सर्ग धरून h ३० मानू. बायो ०.१ येतो, z1 ०.४४१७ आणि C1 १.०२४६. मे महिन्याच्या दुपारी शेडमध्ये ४५ अंश असताना गाभा ६० वर यायला ३ तास ४८ मिनिटं लागतात. डिसेंबरच्या रात्री १५ अंशांत तेच काम २ तास ३५ मिनिटांत होतं. या फरकामुळे उन्हाळ्यात "कालपर्यंत चालत होतं" अशा तक्रारी येतात. बदललेली असते ती फक्त बाहेरची हवा.

मी तुमच्या जागी असतो तर दोन टप्पे केले असते. आधी पंख्याखाली १५० अंशांपर्यंत, मे महिन्यात त्याला दीड तास लागेल. या टप्प्यात आत-बाहेरचा फरक लहान असतो, म्हणून १५० च्या आसपास पृष्ठभागावर मोजलेलं तापमान गाभ्याच्या पाच-सहा अंशांतच असतं आणि साधं कॉन्टॅक्ट थर्मामीटर पुरतं. मग तेलात. १५० वरून ४० च्या तेलात पडणारा जास्तीत जास्त ताण ७५ मेगापास्कलच्या आसपास राहतो, यील्डच्या बराच खाली. तिथून गाभा ६० वर यायला १७ मिनिटं. सगळं मिळून पावणेदोन तासांत बार टर्निंगला तयार. h तुमच्या मोजणीत २५० निघाला तर तेलातली १७ ची २० मिनिटं करा.

तेलातून काढल्यावर लगेच लेथवर नेऊ नका. हे मी स्वतः भोगलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ९० मिमीचा एक स्टेनलेस शाफ्ट वरून हाताला सोसवतो एवढा गार लागला, म्हणून मी फिनिश करून मापात बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सहा शतांश मिमीने लहान भरला आणि बेअरिंग ढिलं बसलं. ९० मिमीच्या ३०४ ला सहा शतांश आकसायला सरासरी ४० अंश उतरावे लागतात. हाताला लागला तो फक्त पृष्ठभाग होता, बाकीची उष्णता आतच होती. तुमच्या बारमध्ये दहा मिनिटांनी तेलातून काढलं असतं, तर पृष्ठभाग १३० वरून आपोआप १५४ कडे चढला असता. आत-बाहेरची बरोबरी व्हायला या जाडीला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून बार बाहेर काढा, तेल पुसा, पृष्ठभागावर थर्मामीटर ठेवा आणि तीन मिनिटं आकडा बघत राहा. तो चार अंशांहून जास्त चढला तर गाभा अजून गरम आहे, बार परत टाकीत सोडा.